सोड्याचा ढेकर कोणाचा?

लग्नाचे जेवण जड झाले, पोट तटतटले, छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटू लागले, की मराठी घरातले हमखास वाक्य म्हणजे, "गॅस झालाय, सोडा पी." सोडा येतो, दोन-चार घोटांत संपतो आणि मिनिटभरात पोटाच्या तळातून निघाल्यासारखा एक दणदणीत ढेकर बाहेर पडतो. भोवतालची मंडळी समाधानाने मान हलवतात. गॅस होता हे सिद्ध झाले, तो निघाला हेही सिद्ध झाले. या पुराव्यात एकच गोची आहे. बाहेर आलेला वायू पोटात आधीपासून होता की आत्ताच बाटलीतून गेला, हे कोणी विचारत नाही.

सोड्याला औषधाचा मान मिळाला तो काही आपल्याकडे नव्हे. 1767 मध्ये जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक इंग्लंडमधल्या लीड्स गावी एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिपांवर एका जड वायूचा थर साचतो हे त्याच्या ध्यानात आले. त्या थरात पेले धरून तो पाणी एकातून दुसऱ्यात ओतत राहिला आणि त्या पाण्याला झऱ्याच्या खनिज पाण्यासारखी चुरचुरीत चव आली. 1772 मध्ये त्याने ही कृती पुस्तिकेच्या रूपाने छापली. जहाजांवरच्या खलाशांना होणाऱ्या स्कर्व्ही रोगावर हे पाणी गुणकारी ठरेल अशी त्याची कल्पना होती. ती कल्पना फोल ठरली, पण फसफसते पाणी औषधी असते हा समज टिकला. 1783 मध्ये श्वेप या घड्याळजीने जिनिव्हात त्याचा धंदा सुरू केला. 1872 मध्ये हायरम कॉड या इंग्रजाने गळ्यात काचेची गोटी अडकवलेल्या बाटलीचे पेटंट घेतले. आपला गोटी सोडा तो हाच. त्या बाटलीत बूच नसते. आतला वायूच गोटीला वर दाबून रबराच्या कड्याशी घट्ट बसवतो, म्हणजे कैदीच आपल्या तुरुंगाचे दार लावून घेतो. अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलली की होणारा तो तीव्र आवाज आतल्या दाबाची साक्ष देतो.

तो दाब किती असतो, आणि त्यातला वायू किती, हे आधी पाहू. पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

कोलासारख्या पेयात लिटरमागे साधारण सात ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळवलेला असतो. म्हणजे 300 मिलीच्या बाटलीत सुमारे दोन ग्रॅम. दोन ग्रॅम हे चिमूटभर वाटते, पण हा ऐवज वायूचा आहे. शरीराच्या तापमानाला, 37 अंशांना, दोन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तर तो लिटरभराहून थोडी अधिक जागा व्यापतो. थोडक्यात, 300 मिली पाण्यात त्याच्या जवळजवळ चौपट आकारमानाचा वायू कोंबून बसवलेला असतो.

तो बसतो तो दोन गोष्टींच्या जोरावर, एक दाब आणि दुसरा थंडावा. वायू पाण्यात किती विरघळतो हे त्याच्यावरच्या दाबाच्या प्रमाणात ठरते, हा नियम विल्यम हेन्रीने 1803 मध्ये मांडला. पाणी जितके गार तितका त्यात वायू अधिक मावतो, ही दुसरी गोष्ट. साध्या हवेच्या दाबाइतक्या दाबाखाली शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात तीन ग्रॅमहून अधिक कार्बन डायऑक्साइड मावतो, 25 अंशांना त्याच्या निम्म्याहून कमी, आणि 37 अंशांना जेमतेम एक ग्रॅम. म्हणूनच फ्रिजमधल्या बाटलीत बाहेरच्या हवेच्या अडीच पट दाब असला, तर तीच बाटली दुपारी टपरीसमोर क्रेटमध्ये पडली की दाब जवळजवळ दुप्पट होतो.

आता ही गार बाटली उघडली. दाब गेला, पण थंडावा शिल्लक आहे. पाण्यात आता त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त वायू आहे, आणि तरी तो एकदम निघून जात नाही. वायूला पाण्यातून सुटायला बुडबुडा व्हावे लागते, आणि बुडबुड्याला जन्म घ्यायला काहीतरी खरखरीत जागा लागते. पेल्याचा ओरखडा, कापडाचा तंतू, मिठाचा कण. मसाला सोडा करताना विक्रेता चिमूटभर मीठमसाला टाकतो आणि पेला उतू जातो, त्याचे कारण हेच. तेवढा वायू पेल्यातच उडून जातो, म्हणून मसाला सोडा हा साध्या सोड्यापेक्षा पोटावर थोडा कमी भार टाकतो. चवीसाठी घातलेल्या मसाल्याचा हा उपकार फारसा कोणाच्या लक्षात येत नाही.

थंडपणाची खरी करामत इथे आहे. कोमट सोडा घटाघटा पिता येत नाही. तो तोंडातच फेसाळतो, नाकात चढतो, माणूस थांबतो. गार सोडा मात्र निमूटपणे घशाखाली उतरतो. थंडाव्याने वायूला पाण्यात धरून ठेवलेले असते, आणि हा धरून ठेवणारा हात सुटतो तो थेट जठरात गेल्यावर.

मी हे घरी फुगा लावून पाहिले आहे. फ्रिजमधून काढलेली छोटी बाटली हळूच उघडून तिच्या तोंडावर फुगा चढवला. बराच वेळ तो लोळागोळा होऊन पडून राहिला. मग बाटली अंगाला सोसेल इतक्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली. काचेच्या आतून बुडबुड्यांच्या रांगा उठू लागल्या आणि थोड्याच वेळात फुगा ताठ उभा राहिला. बाटलीत कोणी काही घातले नव्हते. फक्त ऊब दिली होती.

आपले जठर म्हणजे ते गरम पाण्याचे भांडे, आणि फुगाही तेच. चार अंशांचे 300 मिली पेय 37 अंशांवर आणायला शरीराला सुमारे दहा किलोकॅलरी उष्णता द्यावी लागते. हे काम एका क्षणात होत नाही. पहिल्या काही मिनिटांत बरेचसे होते, आणि पूर्ण व्हायला वीस-तीस मिनिटे लागू शकतात. म्हणून सोड्याचे ढेकर एकदाच येऊन थांबत नाहीत, ते लाटांनी येतात. पहिला ढेकर बहुधा घाईच्या घोटांबरोबर गिळलेल्या हवेचा आणि लगेच सुटलेल्या वायूचा असतो. नंतरचे ढेकर ऊब जसजशी पोहोचते तसतसे येतात.

पोटात नेमका किती वायू सुटतो? बाटली उघडताना, ओतताना आणि तोंडात मिळून दोन ग्रॅमांतला साधारण तिसरा हिस्सा गेला असे धरू. उरलेल्या तेराशे-चौदाशे मिलिग्रॅमपैकी 300 मिलिग्रॅम उबदार द्रवातही विरघळून राहू शकतो. बाकी हजारभर मिलिग्रॅम मोकळा होतो. त्याची जागा होते अर्ध्या लिटरहून थोडी जास्त. तुम्ही गिळले 300 मिली, पण जठराला सांभाळायचे आहे आठशेच्या पुढे.

जठर हे सहज सांभाळू शकते, एरवी. रिकामे जठर मुठीत मावेल एवढे असते. घास गिळला की त्याचा वरचा घुमटासारखा भाग आपणहून सैल पडतो. व्हेगस नावाची लांब नस मेंदूच्या देठापासून पोटापर्यंत येते, तिच्या इशाऱ्याने हे घडते. लिटरभर अन्नपाणी आत आले तरी दाब फारसा वाढत नाही. मात्र हे सैलावणे जेवणाच्या चालीने होणारे काम आहे. घासाघासाने भरणाऱ्या पोटाला ते जमते. द्रवाच्या मागोमाग दोन-तीन मिनिटांत अर्धा लिटर वायू उभा राहिला, तर ताण आधी येतो आणि सैलावणे मागून येते. तो मधला काळ म्हणजे आपल्याला जाणवणारे तटतटणे.

वायू हलका, म्हणून तो घुमटातच जमतो. उभ्या माणसाच्या छातीच्या क्ष-किरण चित्रात डाव्या श्वासपटलाखाली एक काळा फुगा दिसतो, तो हाच. रेडिओलॉजीवाले बेरियम पाजून जठराची तपासणी करताना मुद्दाम फसफसणारी पूड देतात. तिच्यातून काही शे मिली वायू सुटतो, जठराच्या घड्या उलगडतात आणि आतली बाजू स्पष्ट दिसते. त्या वेळी रुग्णाला एक सूचना आवर्जून मिळते ती म्हणजे, ढेकर देऊ नका. ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे त्यांना ती सूचना पाळणे किती अवघड असते हे माहीत आहे.

अवघड असते, कारण ढेकर ही आपल्या मर्जीची गोष्ट नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते आणि श्वासपटलाचा चिमटाही तिला साथ देतो. एरवी ही झडप आवळलेली असते, गिळताना तेवढी उघडते. पण घुमटाच्या भिंती ताणल्या गेल्या की तिथले ताणाचे तंतू व्हेगसमार्फत मेंदूच्या देठाला वर्दी देतात आणि तिथून हुकूम येतो. गिळणे नसतानाही झडप आणि श्वासपटलाचा चिमटा दोन्ही दहा ते चाळीसएक सेकंद सैल सोडले जातात. वायू अन्ननलिकेत चढतो. तिथे आणखी एक दार आहे, घशाच्या तळाशी असलेला अंगठीसारखा स्नायू. हा दारवान मोठा चतुर आहे. अन्ननलिका एकदम फुगली तर वर येतोय तो वायू असे समजून तो उघडतो. द्रव वर आला तर तो उलट अधिक आवळतो, म्हणजे श्वासनलिकेचे रक्षण होते. दोन्ही दारे उघडून वायू घशातून सुटतो तेव्हा होणारा आवाज म्हणजे ढेकर.

या रचनेत गुरुत्वाकर्षण गृहीत धरलेले आहे. वायू वर आणि द्रव खाली असेल तरच झडप उघडल्यावर नुसता वायू निघेल. 1985 मध्ये चॅलेंजर यानातून दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचा कोला खास डब्यांतून अंतराळात गेला होता. तिथे फ्रिज नव्हता आणि वजनही नव्हते. वजन नसले की पोटात वायू आणि द्रव वेगळे होत नाहीत, आणि अंतराळवीरांच्या ढेकराबरोबर आंबट पाणीही येते. इतक्या दूर जायची गरज नाही म्हणा. सोडा पिऊन लगेच उताणे पडले की झडपेच्या तोंडाशी द्रव येतो, वायू पोटाच्या पुढच्या भागात अडकतो, ढेकर येत नाही आणि फुगणे वाढते. अशा वेळी उठून बसणे किंवा चार पावले चालणे एवढाच उपाय असतो, आणि तो बहुधा पुरतो.

ढेकर अडला तर काय होते याची नोंद आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय अडवू नयेत अशा तेरा वेगांचा आहे, आणि त्यांत शिंक, जांभई, तहान, झोप यांच्या पंगतीत उद्गारही आहे. उद्गार म्हणजे ढेकर. मराठीत या शब्दाला पुढे बोलण्याचा अर्थ चिकटला आणि मूळ अर्थ मागे पडला, त्यामुळे सभेत 'मान्यवरांनी काढलेले उद्गार' वाचताना मला दर वेळी चरक आठवतो. उद्गार अडवल्याने होणाऱ्या त्रासांत चरकाने उचकी, धाप, अन्नावरची वासना जाणे यांबरोबर छाती आणि हृदयाचा भाग आवळल्यासारखा होणे हेही सांगितले आहे.

आधुनिक वैद्यकाने याची दुसरी बाजू फार उशिरा पाहिली. काही माणसांना जन्मात कधी ढेकर आलेला नसतो. त्यांच्या जठराकडची झडप नीट उघडते, पण घशाचा दारवान वायूलाही द्रवासारखे वागवतो आणि उघडत नाही. वायू वर येतो, बंद दारावर आपटतो आणि परत खाली जातो. छातीत-गळ्यात बेडकासारखे आवाज येतात, पोट संध्याकाळपर्यंत नगारा होते, छातीच्या मध्यावर दुखते. अशा लोकांसाठी थंड सोड्याची बाटली म्हणजे शिक्षाच. वर्षानुवर्षे त्यांना 'मनाचे खेळ आहेत' असे ऐकावे लागले. 2019 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट बॅस्टियन या घशाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची पद्धतशीर माहिती प्रसिद्ध केली. त्या अंगठीसारख्या स्नायूत बोट्युलिनम विषाची अत्यल्प मात्रा टोचली की तो काही काळ ढिला पडतो आणि बहुतेकांना आयुष्यातला पहिला ढेकर येतो. औषधाचा अंमल काही महिन्यांत ओसरतो, पण अनेकांचा ढेकर टिकतो, दाराला जणू सवय लागते. सभ्य समाजात ज्याबद्दल माफी मागायची त्या क्रियेची किंमत या माणसांना विचारावी.

आता कळ. ताण आणि कळ एक नव्हेत. जठराचा वरचा भाग साठवणीचा, तर खालचा निमुळता भाग दळणाचा. तो मिनिटाला सुमारे तीनदा आकुंचन पावतो. बर्फगार द्रव आला की हे आकुंचन काही काळ मंदावते. पेयातली साखरही जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते, आणि 300 मिली कोलात ती तीस ग्रॅमच्या वर असते. त्यामुळे आत आलेला माल पुढे सरकत नाही, वर वायू वाढतच असतो आणि भिंतीचा ताण एका मर्यादेपलीकडे गेला की तो दुखणे म्हणून जाणवतो. बरगड्यांच्या मधोमध, बेंबीच्या वर, किंवा थोडी डावीकडे. लग्नाच्या पंगतीचा हिशेब करा. लिटरभर जेवण आधीच आहे. त्यावर 300 मिली पेय आणि अर्धा लिटर वायू, म्हणजे पावणेदोन लिटरच्या पुढे. रिकाम्या पोटी जो सोडा नुसता ढेकर देऊन जातो, तोच जेवणावर कळ आणतो. आणि नेमके जेवणावरच तो औषध म्हणून दिला जातो.

ही कळ सोड्याचीच आहे हे ओळखायचे कसे? घड्याळावरून. कार्बन डायऑक्साइड हा पोटात फार काळ टिकणारा वायू नाही. तो आतड्याच्या अस्तरातून हवेतल्या नायट्रोजनपेक्षा कैक पटींनी लवकर रक्तात शिरतो आणि फुप्फुसांतून श्वासावाटे निघून जातो. मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी करताना पूर्वी आतडे फुगवायला साधी हवा भरत. आता अनेक ठिकाणी कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण तपासणीनंतर रुग्णाचे पोट कमी वेळ दुखते. तेव्हा सोड्याची कळ पिताक्षणी ते पंधरा-वीस मिनिटांत येते, एक-दोन ढेकरांनी हलकी होते आणि अर्ध्या-पाऊण तासात मावळते. दोन-तीन तासांनी बेंबीखाली येणारा मुरडा, गुडगुड आणि खालून सरणारा वायू हा सोड्याचा नव्हे. तो मोठ्या आतड्यात आंबलेल्या कडधान्याचा, न पचलेल्या दुधाचा किंवा तसल्याच कशाचा तरी असतो. सोड्याला त्याचे श्रेय नको आणि दोषही नको.

मग पंगतीतला तो ढेकर कोणाचा? बहुतांशी सोड्याचा स्वतःचा. त्याने आत नेलेला वायू त्यानेच परत आणला. थोडी सूट द्यायला हवी. झडप उघडते तेव्हा ती वायूची जात विचारत नाही, घुमटात आधी गिळलेली हवा असेल तर तीही निघून जाते आणि तेवढे हलके वाटते. घाईघाईने जेवणाऱ्यांना, बोलत जेवणाऱ्यांना हा फायदा खराच मिळतो. पण ढेकर आला म्हणजे आधीचे दुखणे गॅसचे होते, हा निष्कर्ष मात्र निघत नाही. सोडा प्यायल्यावर निरोगी माणसालाही ढेकर येणारच. जी चाचणी सगळ्यांतच होकार देते ती काहीच सांगत नाही.

ही बाब तर्कापुरती असती तर सोडून दिली असती. हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर टेकलेला असतो आणि त्याच्या पलीकडे जठराचा तोच घुमट. त्या भागाचा रक्तपुरवठा तुंबला तर दुखणे अनेकदा छातीत नव्हे, पोटाच्या वरच्या टोकाला जाणवते. मळमळते, ढेकरही येतात. घरचे म्हणतात, गॅस. सोडा आणला जातो, तो आपले काम चोख करतो, मोठा ढेकर येतो, घुमटातला ताण उतरल्याने घटकाभर बरेही वाटते. या बरे वाटण्यात जो तास जातो, त्या तासात हृदयाचा स्नायू मरत असतो. पन्नाशी उलटलेल्या, मधुमेही किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसाला छातीत वा पोटाच्या वर दडपण आले, त्याबरोबर दरदरून घाम, धाप, किंवा जबडा, पाठ, हात यांकडे सरकणारे दुखणे असले, तर सोडा शोधू नये, ईसीजी काढायला न्यावे. सोडा आधीच पाजला गेला असेल आणि ढेकर आला असेल, तरीही न्यावे.